वर्तनवाद आणि ज्ञानरचनावाद: छात्राध्यापकांनो, या चुका टाळा

सराव पाठांचा मोसम आला की पाठ टाचणांचे गठ्ठे माझ्या टेबलावर येतात आणि दरवर्षी त्यांत त्याच त्या चुका सापडतात. ‘अध्यापन पद्धती: ज्ञानरचनावादी’ असं वर ठळक लिहिलेलं असतं आणि खाली पाठाच्या पायऱ्या वाचल्या की त्यात वर्तनवादाशिवाय काही नसतं. उलटंही होतं. पाढे म्हणून घेणारी एखादी छात्राध्यापिका ते टाचणात लिहायला घाबरते, कारण कुणीतरी तिला सांगितलेलं असतं की वर्तनवाद आता कालबाह्य झाला.

दोन्हींतला फरक आधी सरळ सांगते. वर्तनवाद मुलाच्या बाहेर दिसणाऱ्या कृतीकडे पाहतो. त्या कृतीनंतर काय घडलं, यावरून ती पुन्हा घडेल की थांबेल हे ठरतं. बरोबर उत्तराला लगेच ‘शाब्बास’ मिळालं की ते उत्तर टिकतं. ज्ञानरचनावाद विचारतो, की हे उत्तर मुलाने कुठल्या समजुतीवर उभं केलं? मूल नवीन गोष्ट जुन्या समजुतीत बसवून पाहतं, आणि ती बसेनाशी झाली की समजूतच बदलावी लागते. पियाजेने याला सात्मीकरण आणि समायोजन म्हटलं. परीक्षेत एवढं सगळेच लिहितात. चुका होतात त्या वर्गात.

चूक पहिली: साहित्य आणि गट दिसले की ज्ञानरचनावाद झाला असं समजणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये आला आणि ज्ञानरचनावाद हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. पुढे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथून परतलेल्यांपैकी अनेकांनी फरशीवरची रंगीत चित्रं आपल्या शाळेत आणली. ती चित्रं समोर ठेवून मुलांशी काय बोलायचं, हे मात्र थोड्यांनीच आणलं.

एका शाळेत दुसरीच्या वर्गात हातच्याच्या वजाबाकीचा पाठ पाहत होते. छात्राध्यापिकेची तयारी उत्तम होती. गोल करून बसलेले गट, प्रत्येक गटासमोर काड्या, दहा-दहा काड्यांना रबर लावून केलेले गठ्ठे. उदाहरण होतं ६१ − ३४. तिने सूचना द्यायला सुरुवात केली. “सहा गठ्ठे आणि एक सुटी काडी घ्या. एकातून चार जातात का? नाही. मग एक गठ्ठा उचला. रबर काढा. मोजा किती झाल्या.” सगळ्या वर्गाचे हात एकाच वेळी हलत होते. उत्तर सगळ्यांचं २७ आलं. तिने टाळ्या वाजवून घेतल्या, काड्या गोळा केल्या आणि फळ्यावर ४३ − १८ लिहिलं.

निम्म्याहून जास्त पाट्यांवर ३५ होतं.

ती गोंधळली आणि तिने फळ्यावर पुन्हा रीत समजावली, पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात. मी मागच्या एका मुलीजवळ बसून विचारलं, “हे कसं केलंस गं?” ती म्हणाली, “तीनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन काढले.”

या एका वाक्यात दोन्ही विचारसरणी भेटतात, म्हणून इथे थांबा. ती मुलगी निष्काळजी नव्हती, नियम पाळत होती. पहिलीत तिच्यासमोर आलेल्या प्रत्येक वजाबाकीत मोठ्या अंकातून लहान अंक जात होता, आणि तसं केलं की दर वेळी बरोबरची खूण मिळत होती. ‘मोठ्यातून लहान काढायचं’ ही सवय त्या खुणांनी पक्की केली. हे प्रबलन कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, तरी ते लागू पडलं. दुसरीत ती नव्या उदाहरणाला तोच जुना नियम लावत होती, म्हणजे सात्मीकरण करत होती. काड्यांच्या पाठात त्या नियमाला धक्काच लागला नव्हता, कारण गठ्ठा केव्हा सोडायचा हे बाईंनी ठरवलं होतं. मुलांनी हुकमाबरोबर हात हलवले. काड्या हातात असूनही तो उद्दीपक-प्रतिसादाचाच पाठ होता.

छात्राध्यापिकेची परवानगी घेऊन मी त्या मुलीला पाटी तशीच बाजूला ठेवायला सांगितली. “त्रेचाळीस काड्या घे. त्यातल्या अठरा मला दे.” एवढंच. तिने एक गठ्ठा दिला, मग तीन सुट्या दिल्या आणि थांबली. अजून पाच द्यायच्या होत्या आणि तिच्याकडे तीन बांधलेले गठ्ठे होते. बराच वेळ ती त्या गठ्ठ्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “सोडू का?” मी म्हटलं, “तू ठरव.” तिने रबर काढलं, पाच दिल्या आणि उरलेल्या मोजल्या: दोन गठ्ठे, पाच सुट्या. पंचवीस. पाटीवर ३५. आता दोन उत्तरं शेजारी शेजारी होती आणि त्यांपैकी एक तिने स्वतःच्या हाताने मोजलं होतं. तिने पाटी पुसली नाही. आधी विचारलं, “मग हे कुठे चुकलं?”

तो प्रश्न मुलाकडून आला, तर तुमचा पाठ ज्ञानरचनावादी. टाचणात काय लिहिलं आहे याला महत्त्व नाही. माझी सवय अशी आहे, की पाठ पाहताना मी साहित्याकडे शेवटी बघते. पहिल्या चुकीच्या उत्तराची वाट पाहते आणि त्यावर शिक्षकाच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं ते टिपते. ‘चूक, पुन्हा कर’ हे एक वाक्य. ‘कसं केलंस?’ हे दुसरं. मात्र बरोबर उत्तरालाही अधूनमधून ‘कसं केलंस?’ विचारा. नाहीतर मुलं हा प्रश्न आला की उत्तर चुकलं एवढंच शिकतात आणि निमूट खोडून टाकतात.

चूक दुसरी: समजलं म्हणजे सराव नको

त्या मुलीला गठ्ठा का सोडायचा हे कळलं, पण त्यामुळे तिला आठवड्याने वजाबाकी झरझर येईल असं नाही. इथे वर्तनवाद लागतो आणि तो नीट वापरायला हवा. पंचवीस उदाहरणं घरी सोडवायला देऊन दुसऱ्या दिवशी वह्या तपासणं हा त्याचा वाईट वापर. १९५३ मध्ये स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले होते. सगळ्या मुलांना एकाच गतीने जावं लागतं आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे त्यांना लगेच कळत नाही, ही दोन गाऱ्हाणी घेऊन ते बाहेर पडले आणि शिकवण्याच्या यंत्रामागे लागले. आपल्याला यंत्राची गरज नाही. मी सहा उदाहरणं देते. प्रत्येकानंतर जोडीदाराशी उत्तर ताडून पाहायचं, जमलं नाही तर काड्या हाताशी असतात. सहांपैकी दोन-तीन बिनहातच्याची ठेवा. सगळीच हातच्याची दिलीत तर मुलं अंक न पाहताच दशक सोडायला लागतात, आणि ५८ − २३ मध्येही गठ्ठा सुटतो.

पाढ्यांचंही तेच. सात आठे छप्पन्न हे प्रत्येक वेळी नव्याने रचत बसायचं काम नाही. एकदा सातसातच्या आठ रांगा मांडून घ्या आणि मग खुशाल म्हणून घ्या.

चूक तिसरी: ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा

टीईटीची घाई असलेले उमेदवार ‘धन म्हणजे बक्षीस, ऋण म्हणजे शिक्षा’ अशी एका ओळीची युक्ती पाठ करतात. ही युक्ती चुकीची आहे आणि ती पसरवणाऱ्या नोट्सचा मला मनापासून राग येतो. एका टाचणात तर ‘अंगठे धरून उभे करणे’ हे ऋण प्रबलनाचं उदाहरण म्हणून आलं होतं. ती शिक्षा आहे, आणि शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे.

प्रबलनाने वर्तन वाढतं, मग ते धन असो की ऋण. शिक्षेने वर्तन कमी होतं. म्हणून आधी विचारा, वर्तन वाढलं की घटलं? त्यानंतर विचारा, काही दिलं की काही काढून घेतलं? ‘वर्गातली सगळी उदाहरणं नीट सोडवली तर आज घरचा अभ्यास नाही.’ इथे नकोसं काहीतरी काढून घेतलं आणि सोडवणं वाढलं, म्हणून हे ऋण प्रबलन. ‘दंगा केलास, आता मधल्या सुट्टीत खेळायचं नाही.’ इथे हवंसं काढून घेतलं आणि दंगा कमी झाला, तर ती शिक्षा.

या फरकाचा खरा उपयोग वर्गात आहे. प्रकट वाचनाची पाळी आली की एक मुलगा शेजाऱ्याला ढोसतो. बाई त्याला वर्गाबाहेर उभं करतात. बाईंच्या मते ही शिक्षा झाली. पण दंगा थांबत नाही, आठवड्यागणिक वाढतो, आणि तोही नेमका वाचनाच्या तासाला. त्या मुलाला वाचता येत नाही. बाहेर गेलं की सगळ्यांसमोर अडखळण्यापासून सुटका होते. म्हणजे बाई दररोज त्याच्या दंग्याला ऋण प्रबलन देत आहेत. ओळखायची खूण एकच: तथाकथित शिक्षेनंतर वर्तन वाढतंय का आणि ते ठरावीक कामाच्या वेळीच येतंय का, हे चार दिवस वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. मग त्याला आदल्या दिवशीच उद्याच्या दोन ओळी द्या, तुमच्याजवळ बसवून वाचून घ्या आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वाचायला सांगा. आधी आधार द्यायचा, मग तो काढत जायचा, हा विचार वायगॉट्स्कीच्या बाजूचा. दंग्याचं कारण शोधलं वर्तनवादाने आणि वाट दाखवली दुसऱ्याने.

उरलेल्या थोडक्यात

पावलोव्हचा कुत्रा आणि स्किनरचा उंदीर एकाच उत्तरात कोंबू नका. घंटा वाजताच मुलांना भूक लागते ते अभिजात अभिसंधान. हात वर केल्यावर बोलायला मिळतं म्हणून हात वर होतो ते साधक अभिसंधान.

पियाजे आणि वायगॉट्स्की दोघेही १८९६ चे, पण एक मूल वस्तूंशी झगडताना पाहतो, दुसरा जाणत्या माणसाशी बोलताना.

ज्ञानरचनावादी शिक्षकाने काही सांगायचंच नाही, असं कुणी शिकवलं असेल तर विसरा. वजाबाकीचं चिन्ह, अक्षराचं वळण, गावाचं नाव मुलं शोधून काढू शकत नाहीत. ते सांगूनच टाका.

मूल आपण होऊन चित्रं काढत असेल तर त्याला स्टार कबूल करू नका. १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात बक्षीस कबूल करून दिलेली बालवाडीतली मुलं नंतर मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकली. स्टार द्यायचेच असतील तर जे काम मूल अजून सुरूच करत नाही त्याला द्या, आणि ते सुरू झालं की हळूहळू विरळ करा.