दिवसाच्या कॅलरी पोळी, भाकरी, भात आणि वरणात वाटताना: या चुका टाळा

लक्ष्य १६०० कॅलरींचं आहे, तक्ता भिंतीवर लावलाय, पोळ्याही मोजूनच खाल्ल्या जातात. तरी महिनाभरात वजनकाटा जागचा हलत नाही. अशा वेळी बहुतेकदा तक्त्यातली पोळी आणि ताटातली पोळी यांचा मेळ बसलेला नसतो. मराठवाड्यात तर हा फरक भाकरीपाशी सगळ्यात मोठा होतो.

भाकरीला पोळीइतकीच धरणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. "भाकरी हलकी असते" म्हणून दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकरी घेतल्या जातात. भाकरी तेलाशिवाय होते हे खरं, पण कॅलरी ठरतात पिठावर. ज्वारीचं पीठ आणि कणीक, दोन्हींत १०० ग्रॅमला साधारण ३३० ते ३४० कॅलरी असतात. फरक पडतो तो उंड्याच्या आकारामुळे.

म्हणून एकदाच मोजून घ्या. परातीत अर्धा किलो कोरडी कणीक घ्या, रोजच्या हातानं पोळ्या करा आणि किती झाल्या ते मोजा. १४ झाल्या तर एका पोळीत सुमारे ३६ ग्रॅम कणीक, म्हणजे १२० कॅलरी. वर अर्धा चमचा तेल लागत असेल तर १४०. तसंच किलोभर ज्वारीच्या पिठाच्या १२ भाकरी झाल्या, तर एकीत ८३ ग्रॅम पीठ गेलं, म्हणजे २८० कॅलरी. अशी एक भाकरी तेल लावलेल्या दोन पोळ्यांच्या बरोबरीची झाली. भाजलेली पोळी किंवा भाकरी काट्यावर ठेवून हिशेब करू नका. त्यात पाण्याचं वजन असतं आणि ते रोज सारखं राहत नाही.

वरणाची वाटी म्हणजे ठरलेलं माप समजणं

१२० ग्रॅम तूरडाळीत सुमारे ४०० कॅलरी असतात. तिचं सहा वाट्या घट्ट वरण केलं तर वाटीला ६५ ते ७० पडतात. पाहुणे आले, पाणी वाढवलं आणि त्याच डाळीच्या दहा वाट्या झाल्या, की वाटीत ४० उरतात. प्रथिनंही तेवढीच घटतात आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. भगुल्यात पळी तळापर्यंत फिरवली नाही तर पहिल्यांदा वाढलेल्याला नुसतं पाणी मिळतं आणि शेवटच्याला सगळी डाळ. फोडणी वेगळी धरावी लागते. सहा वाट्यांना दोन मोठे चमचे तेल म्हणजे प्रत्येक वाटीत आणखी ४०. घट्ट वरणाची वाटी मग ११० च्या आसपास जाते.

भाताचं गणित सोपं आहे, फक्त वाटी दाबून भरू नका. मोकळ्या वाटीत १०० ग्रॅम शिजलेला भात बसला तर १३० कॅलरी. तीच वाटी दाबून भरली की सहज दीडपट.

लक्ष्याचे सरळ तीन भाग करणं

१६०० चे तीन भाग केले की चहाला जागाच उरत नाही. आधी न चुकणाऱ्या गोष्टी वजा करा. दोन चमचे साखरेचे दोन चहा १५० घेतात. उरले १४५०. त्यातले ३५० नाश्त्याला, ६०० दुपारी, ५०० रात्री. शेतात जाणाऱ्यानं न्याहारीचा वाटा मोठा आणि रात्रीचा लहान करावा. भूक कामाच्या वेळी लागते.

दुपारी: दोन पोळ्या २८०, एक वाटी घट्ट वरण ११०, एक वाटी भाजी १००, मोकळी वाटी भात १३०. बेरीज ६२०. वीसचा फरक चालतो, घरगुती मापात त्याहून बारीक हिशेब होत नाही. रात्री: एक भाकरी २८०, वरण ११०, भाजी १००, एकूण ४९०. इथं भात नाही आणि दुसरी भाकरीही नाही; ती घेतली की जेवण ७७० वर जातं. चटणी शेंगदाण्याची असेल तर एका मोठ्या चमच्याचे ६० धरा आणि तेवढा भात कमी करा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर एका जेवणातला भाग दुसऱ्यात हलवण्याआधी डॉक्टरांशी बोला.

तरी हिशेब जुळत नसेल तर

तेलाचा डबा बघा. वरच्या जेवणात दोन वाट्या वरणाचे ८०, पोळ्यांचे ४०, भाज्यांचे १०० आणि पोह्यांच्या नाश्त्याचे ८०, मिळून ३०० कॅलरी तेलाच्या धरल्या आहेत. चौघांच्या घरात ३० दिवसांत चार किलो तेल संपलं तर माणशी रोज ३३ ग्रॅम, म्हणजे बरोबर ३००. पाच किलो संपत असेल तर प्रत्येकाच्या ताटात रोज ७५ कॅलरी तक्त्यात न लिहिलेल्या येत आहेत. त्या बहुधा भाजीवरच्या तर्रीत किंवा पोळीला लावलेल्या तेलात सापडतील.