थिअरी एक्स की थिअरी वाय? एमसीक्यू कसे सोडवायचे

बीएमएस, बीकॉमच्या पेपरात हा टॉपिक येतोच आणि सोपा वाटतो म्हणून पोरं घाईत मार्क घालवतात. डग्लस मॅकग्रेगरने 1960 मध्ये हे मांडलं. लोकांना मुळात कामाचा कंटाळा असतो, ही समजूत म्हणजे एक्स, आणि खेळ किंवा आराम जितका नॅचरल तितकंच कामही नॅचरल, ही समजूत म्हणजे वाय.

प्रश्न वाचताना आधी बघा की समजूत कोणाच्या डोक्यात आहे. उत्तर नेहमी मॅनेजरच्या डोक्यातलं असतं. "एक्स टाईपचे कामगार आळशी असतात" असा ऑप्शन आला तर तो सरळ उडवा, कारण एक्स-वाय हे कामगारांचे प्रकार नाहीतच, मॅनेजर त्यांच्याबद्दल काय धरून चालतो त्याची ही नावं आहेत.

मग एक्सला हुकूमशाही स्टाईल आणि वायला सहभागाची स्टाईल लावायची, इथपर्यंत सगळ्यांना जमतं. गोची होते ती अशा प्रश्नात:

अंधेरीतल्या पॅकिंग युनिटचा मॅनेजर म्हणतो, "माझी नजर हटली की पोरं हात थांबवतात." म्हणून तो महिनाभर लेट न येणाऱ्याला हजार रुपये बोनस देतो आणि शनिवारी सगळ्यांना वडापाव. हा कुठल्या थिअरीचा?

बोनस आणि वडापाव बघून बरेच जण वाय मारतात, पण उत्तर एक्सच आहे. त्याची समजूत त्याच्याच वाक्यात आहे ना, बक्षीस हा फक्त पोरांना बाहेरून हलवायचा मार्ग झाला. मॅकग्रेगरच्या मते दमदाटी करणारा कडक एक्स असतो तसा गोडीगुलाबीचा सॉफ्ट एक्सही असतो, आणि दोन्हीत कंट्रोल वरूनच येतो. हाच मॅनेजर वायचा असता तर आज किती बॉक्स जायला हवेत हे त्याने पॅकिंगवाल्यांसोबत बसून ठरवलं असतं, काम कोणी कसं वाटून घ्यायचं ते त्यांच्यावर सोडलं असतं आणि क्वालिटी चेकही त्यांच्याच हातात दिला असता. म्हणून स्टाईल बघून गोंधळलात तर परत समजुतीच्या वाक्याकडे या, ते वाक्य खोटं बोलत नाही.

उलटा सापळाही असतो. "वायमध्ये टार्गेट नसतं, ज्याला जे हवं ते करू द्यायचं" हे चूक. टार्गेट असतंच, फक्त माणसाला ते आपलं वाटलं की तो स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवतो, असं वाय म्हणते.

ऑप्शनमध्ये झेड दिसला तर घाबरू नका, तो विल्यम ओउचीचा, 1981 चा, जपानी कंपन्यांवरून आलेला. प्रश्नात दीर्घकाळची नोकरी आणि सगळ्यांच्या सहमतीने निर्णय असेल तरच तो घ्या.

आता एक तुम्ही करा: "योग्य परिस्थिती मिळाली तर सामान्य माणूस जबाबदारी स्वतःहून मागतो." ही वाय. आणि "त्याला सगळ्यात आधी सुरक्षितता हवी असते, जबाबदारी नको" ही एक्स.