सुट्टीत गावी आजारी पडलात, तर जर्मनीतल्या कंपनीला काय पाठवायचं आणि काय नाही

जर्मनीत नवीन आलेल्यांना पहिल्या वर्षी एक गोष्ट पटकन कळते: इथे आजारपणाची रजा मागायची नसते, कळवायची असते. डॉक्टरकडे जायचं, डॉक्टर दाखला थेट क्रांकेनकासेला, म्हणजे तुमच्या आरोग्य विम्याच्या संस्थेला, ऑनलाइन पाठवतो, आणि 1 जानेवारी 2023 पासून कंपनीने तो तिथून उतरवून घ्यायचा. कंपनीला दिसतं ते एवढंच: तुमचं नाव, कधीपासून कधीपर्यंत, दाखला पहिला की पुढचा, आणि अपघात असेल तर तशी खूण. काय झालंय ते दिसत नाही, कुठल्या डॉक्टरने दाखला दिला तेही दिसत नाही. सगळं आपोआप होत असल्यामुळे त्याकडे कोणाचं लक्षही जात नाही.

अडचण येते ती दिवाळीला घरी गेल्यावर. सातारा, नांदेड किंवा फोंड्याचा डॉक्टर या ऑनलाइन व्यवस्थेत नाही. कागद तुम्हालाच पोचवावा लागतो आणि आपल्याकडच्या कागदावर आजाराचं नाव पहिल्या ओळीतच असतं. ही डॉक्टरची चूक नव्हे. भारतातल्या डॉक्टरांसाठी 2002 मध्ये आलेल्या आचारसंहितेच्या परिशिष्टातच रजेच्या दाखल्याचा नमुना आहे, आणि त्यात ‘अमुक व्यक्ती अमुक आजाराने ग्रस्त आहे’ अशी रिकामी जागा ठेवलेली आहे. डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या ती जागा भरत आलेत. इकडे एचआरच्या टेबलावर तो कागद गेला, की टायफॉइड असो, गर्भपात असो की नैराश्य, सगळ्या ऑफिसला कळायला वेळ लागत नाही.

बरेच जण म्हणतात, ‘जर्मन भाषांतर करून घेऊ, त्यात आजाराचं नाव गाळायला सांगू.’ हे होत नाही. शपथ घेतलेला भाषांतरकार शिक्का मारतो तेव्हा भाषांतर बरोबर आणि संपूर्ण असल्याची हमी देतो. मूळ कागदावर शब्द आहे आणि भाषांतरात नाही, अशा कागदावर तो सही करणार नाही, आणि करत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. म्हणून आजाराचं नाव लपवायची जागा भाषांतरकाराचं टेबल नव्हे, डॉक्टरचा दवाखाना आहे. तिथून निघतानाच दोन कागद घ्या: एक कंपनीसाठी, आजाराच्या नावाशिवाय, दुसरा क्रांकेनकासेसाठी, आजाराच्या नावासकट. क्रांकेनकासेला निदान कळणं अपेक्षितच आहे, इथला डॉक्टरही ते कोडमध्ये त्यांना कळवतोच.

कंपनीच्या कागदावर काय असावं हे डॉक्टरला नीट सांगा, नाहीतर ते सवयीने ‘विश्रांतीचा सल्ला दिला आहे’ असं लिहून देतात. इथल्या श्रम न्यायालयांच्या दृष्टीने परदेशी डॉक्टरचा दाखलाही तितकाच ग्राह्य आहे, पण अट अशी की माणूस नुसता आजारी नसून आजारामुळे काम करू शकत नाही, हा फरक डॉक्टरने केल्याचं कागदावरून कळलं पाहिजे. विश्रांतीच्या सल्ल्यातून ते कळत नाही. तेव्हा डॉक्टरला आधी तुमचं काम काय ते सांगा, आणि मग साधारण असा मजकूर मागा: ‘मी यांना अमुक तारखेला स्वतः तपासले. आजारपणामुळे ते अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपले काम करण्यास असमर्थ आहेत.’ नाव पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण, जन्मतारीख, डॉक्टरची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. बस्स. इंग्रजीत लिहून घेतलं तर बहुतेक कंपन्या भाषांतर मागतच नाहीत. निम्मं काम तिथेच संपतं.

आता लेटरहेड बघा. मजकुरात आजार नाही, पण वर ठळक अक्षरात ‘मानसोपचारतज्ज्ञ’ किंवा ‘वंध्यत्व निवारण केंद्र’ छापलेलं असेल तर मजकुराचा उपयोग काय? शिक्क्यातही पदवीबरोबर विषय असतो. अशा वेळी घरच्या फॅमिली डॉक्टरकडे जा, तपासणी करून घ्या आणि दाखला त्यांच्याकडून घ्या. त्यांनी खरोखर तपासलेलं असलं पाहिजे, हे वेगळं सांगायला नको. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, औषधांची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट हे कंपनीला कधीच जोडू नका. पुरावा भक्कम व्हावा म्हणून लोक सगळी फाइल स्कॅन करून पाठवतात आणि वरच्या कागदावर लपवलेलं चौथ्या पानावर उघडं पडतं.

एक उदाहरण घेऊन तारखा लावून बघू. श्टुटगार्टात नोकरी करणारा साताऱ्याचा एक जण सोमवार 3 नोव्हेंबर ते शुक्रवार 21 नोव्हेंबर 2025 सुट्टीवर आहे. गुरुवारी 13 तारखेला रात्री ताप भरतो, शुक्रवारी 14 ला डॉक्टर तपासतात, डेंगी निघतो. डॉक्टर 14 ते 26 नोव्हेंबर असा दाखला देतात. त्याने 14 लाच, शक्यतो ऑफिस उघडायच्या आत, कंपनीला कळवायला हवं. नोव्हेंबरात आपण साडेचार तास पुढे असतो, त्यामुळे वेळ मिळतो. कायद्याप्रमाणे तीन गोष्टी कळवायच्या: मी काम करू शकत नाही, अंदाजे किती दिवस, आणि सध्या मी कुठे राहतोय तो पत्ता. परदेशात आजारी पडलं की पत्ता द्यावाच लागतो. आजाराचं नाव या यादीत नाही. सरकारी क्रांकेनकासेत असाल तर त्यांनाही हेच कळवायचं. दाखल्याचं स्कॅन त्याच दिवशी, मूळ कागद नंतर.

फायदा काय? दाखल्यातले दिवस वार्षिक रजेतून कापता येत नाहीत. 14 तारखेचा शुक्रवार आणि 17 ते 21, असे कामाचे सहा दिवस त्याच्या खात्यात परत येतात. 24, 25, 26 हे आजारपणाचे, पगारी. पण परत आलेले सहा दिवस आपोआप सुट्टीच्या शेवटी चिकटत नाहीत. त्याने विमान 27 तारखेचं घेतलं, तर 27 आणि 28 साठी वेगळी रजा मागून मंजूर करून घ्यावी लागेल. इथे फार जण गफलत करतात आणि मग प्रश्न आजाराचा राहत नाही, विनापरवानगी गैरहजेरीचा होतो.

तिकिटाची तारीखही जपून ठरवा. एरफुर्टच्या संघीय श्रम न्यायालयासमोर 15 जानेवारी 2025 ला एक प्रकरण आलं होतं. ट्युनिशियात सुट्टीवर गेलेल्या कामगाराला तिथल्या डॉक्टरने 24 दिवस घरी पडून राहायला आणि प्रवास न करायला सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याने परतीचं बोटीचं तिकीट काढलं, तेही विश्रांतीची मुदत संपायच्या आतलं. शिवाय आधीही सुट्टीला जोडून त्याचे दाखले आले होते. न्यायालयाचं म्हणणं असं, की एकेक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ वाटेल, पण एकत्र पाहिल्यावर दाखल्यावर शंका घ्यायला जागा राहते. तशी शंका आली की आजार सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं, आणि कोर्टात पगार मागायचा तर निदान सांगावं लागतं, डॉक्टरला गोपनीयतेतून मोकळं करावं लागतं. म्हणजे निदान झाकून ठेवायचं असेल तर बाकी सगळं स्वच्छ हवं. ‘चार दिवस मागची तारीख टाकून देतो’ म्हणणाऱ्या ओळखीच्या डॉक्टरला हात जोडा.

समजा दाखला आधीच आजाराच्या नावासकट घेतलाय आणि तुम्ही परत आला आहात. पहिला उपाय फोनच: घरच्या कोणाला तरी दवाखान्यात पाठवा, डॉक्टर आपल्या नोंदीवरून आजाराच्या नावाशिवाय दुसरा कागद देऊ शकतात. ते जमलंच नाही तर मूळ कागदाला हात लावू नका. त्याच्या झेरॉक्सवर ती एक ओळ काळी करा आणि ती झेरॉक्स भाषांतराला द्या. भाषांतरकार तिथे ‘मूळ प्रतीत काळे केलेले’ अशी नोंद करेल, म्हणजे भाषांतर प्रामाणिक राहतं आणि नावही झाकलं जातं. काही भाषांतरकार ‘अंशतः भाषांतर’ असा मथळा देऊन फक्त लागणारा भाग करून देतात, तेही चालतं. कंपनीला सोबतच्या पत्रात एक वाक्य लिहा, की निदान क्रांकेनकासेला दिलेलं आहे. पांढरी शाई लावणं किंवा स्कॅन केलेल्या कागदातून ओळ पुसून टाकणं मात्र करू नका. काळी पट्टी दिसते म्हणून ती चालते; पुसलेली ओळ दिसत नाही, आणि ते उघडकीला आलं तर बनावट कागदाचं प्रकरण होतं. संगणकावर काळी केलीत तर छापून पुन्हा स्कॅन करा, नाहीतर काही पीडीएफमध्ये पट्टीखालचा मजकूर कॉपी करता येतो. मराठी वा इंग्रजीवरून जर्मन करणारे शपथबद्ध भाषांतरकार justiz-dolmetscher.de या सरकारी यादीत भाषेवरून शोधता येतात. मराठीसाठी मोजकेच असतात, म्हणून पुन्हा सांगतो, कागद इंग्रजीत घ्या.

मुलांच्या शाळेचं थोडं निराळं आहे. एरवी आईवडिलांची चिठ्ठी पुरते, पण सुट्टीला लागून मूल गैरहजर असलं की शाळा डॉक्टरचा कागद मागते, कारण स्वस्त तिकिटासाठी शाळा बुडवणारे त्यांनी भरपूर पाहिलेत. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. कागदावर ‘या तारखांना शाळेत जाण्यास व प्रवासास असमर्थ’ एवढं असलं की झालं. फक्त इथे झाकपाक नेहमी चालत नाही. संसर्गजन्य आजारांच्या कायद्यात एक यादी आहे: गोवर, कांजिण्या, गालगुंड, डांग्या खोकला, टायफॉइड, अ प्रकारची कावीळ, फुप्फुसाचा संसर्गजन्य क्षयरोग, खरूज, शिवाय उवासुद्धा. यातलं काही असेल तर शाळेला किंवा बालवाडीला ताबडतोब सांगणं पालकांवर बंधनकारक आहे. डेंगी त्या यादीत नाही. मुलाला टायफॉइड झाला असेल तर परतल्यावर थेट शाळेत पाठवू नका, आधी बालरोगतज्ज्ञाला दाखवा आणि शाळेत पुन्हा कधी जाता येईल ते विचारून घ्या.

परत आल्यावर एक लहानसं काम राहतं. आजारपणाच्या मुदतीतच परतलात तर जर्मनीत पोचल्याचं कंपनीला आणि क्रांकेनकासेला लगेच कळवायचं, हेही कायद्यात आहे. आणि अजून बरं वाटत नसेल तर पुढचा दाखला इथल्या डॉक्टरकडून घ्या, आधीची मुदत संपायची वाट न बघता. तिथून पुढे कागदपत्र पुन्हा त्या ऑनलाइन वाटेने जातं. ईमेल पाठवताना फाइलचं नाव तेवढं बघा. आतमध्ये सगळं झाकलंय आणि फाइलचं नाव ‘डेंगी सर्टिफिकेट फायनल’, असं मी एकाहून जास्त जणांचं पाहिलंय.