चाचणीचा पुरावा ऑडिटरपुढे टिकेल असा कसा गोळा करावा

सरकारी नियामकांच्या नियमांखाली येणाऱ्या, म्हणजे नियंत्रित प्रणालीची चाचणी करायला बसलेल्या नव्या माणसाला बहुधा पहिला सल्ला मिळतो तो असा, की दिसेल त्या प्रत्येक पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेव, म्हणजे ऑडिटरला विचारायला काही उरणार नाही. हा सल्ला चुकीचा आहे. ऑडिटर चित्रे मोजत नाही. तो चाचणीतले एखादे विधान उचलतो आणि तुम्ही समोर नसताना केवळ कागदांवरून ते विधान पटते का, हे पाहतो. चारशे चित्रांपैकी एकही चित्र ते कोणी, कधी आणि कोणत्या सर्व्हरवर घेतले हे सांगत नसेल, तर त्या ढिगाचा उपयोग शून्य असतो.

पुढच्या सगळ्या पायऱ्या मी एकाच उदाहरणावर दाखवतो. औषधांच्या प्रयोगशाळेत नमुन्यांचे निकाल साठवणारी एक प्रणाली आहे आणि तिची ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी, काय आणि कधी बदलले याचा लॉग, तपासायची आहे. विश्लेषकाने नोंदवलेला निकाल ९८.२ टक्क्यांवरून ९८.७ टक्के केला, तर तो बदल प्रणालीने आपोआप टिपला पाहिजे. अमेरिकेतील २१ सीएफआर भाग ११ या १९९७ च्या नियमानुसार ऑडिट ट्रेल संगणकाने स्वतः तयार केलेली, वेळेची नोंद असलेली असावी लागते आणि बदलामुळे जुनी नोंद झाकली जाता कामा नये. बदलाचे कारण नोंदवण्याची स्पष्ट अपेक्षा मात्र युरोपीय संघाच्या औषधनिर्मिती नियमांच्या परिशिष्ट ११ मध्ये आहे. दोन्हीकडे माल जाणार असेल, तर दोन्ही अपेक्षा एकाच चाचणीत तपासाव्यात.

१. अपेक्षित निकाल आकड्यांत लिहा

‘प्रणाली बदलाची योग्य नोंद करते’ हा अपेक्षित निकाल नव्हे, कारण ‘योग्य’ म्हणजे काय हे त्यात कोठेच नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘ऑडिट ट्रेलमध्ये जुने मूल्य ९८.२, नवे मूल्य ९८.७, बदल करणाऱ्याचे वापरकर्तानाव, दिनांक, वेळ आणि टाइप केलेले कारण दिसते. कारणाची चौकट रिकामी असल्यास बदल जतन होत नाही.’ प्रत्येक अपेक्षेपुढे तिचा पुरावा कोणता असेल, हेही चाचणीपूर्वीच ठरवावे. आपल्या उदाहरणात चार पुरावे पुरतात : बदलापूर्वीचा पडदा, रिकाम्या कारणामुळे आलेला नकार, बदलानंतरचा पडदा आणि ऑडिट ट्रेलची निर्यात केलेली फाइल. लॉगिनच्या किंवा मेनू उघडल्याच्या पडद्यांनी काहीही सिद्ध होत नाही, म्हणून ते घेऊ नयेत.

२. आवृत्ती आणि सर्व्हर नोंदवा

प्रणालीचा आवृत्ती क्रमांक आणि सर्व्हरचे नाव दाखवणारा एक पडदा सत्राच्या सुरुवातीलाच घ्या.

३. घड्याळे जुळवा

या पायरीवर मी स्वतः अडकलो होतो, आणि तिच्याविषयी कोणीच आधी बजावत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो.

वर सांगितलेल्याच प्रकारच्या चाचणीत मी बदलापूर्वीचा स्क्रीनशॉट घेतला. माझ्या संगणकाच्या घड्याळात तेव्हा १४:३१ वाजले होते आणि पडद्यावर ९८.२ दिसत होते. साधारण एका मिनिटानंतर, १४:३२ ला, मी मूल्य बदलले. ऑडिट ट्रेलची फाइल काढली, सगळे रकाने बरोबर होते, पायरी उत्तीर्ण म्हणून सही केली. काही महिन्यांनी ऑडिटरने दोन्ही पुरावे शेजारी ठेवले. लॉगमध्ये बदलाची वेळ होती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे १२:२८. आमची स्थानिक वेळ यूटीसीच्या दोन तास पुढे होती, म्हणजे बदल स्थानिक १४:२८ ला झाला असे लॉग सांगत होता. मग १४:३१ च्या चित्रात जुने मूल्य कसे दिसते, असा त्यांचा प्रश्न होता.

कारण साधे होते. सर्व्हरचे घड्याळ चार मिनिटे मागे होते. मात्र चाचणीच्या दिवशी ते मागे होते याची नोंद आमच्याकडे नव्हती, आणि दरम्यानच्या काळात कोणीतरी ते घड्याळ दुरुस्तही केले होते. आमचे स्पष्टीकरण खरे असूनही ते केवळ आठवणीवर उभे होते, आणि आठवण हा पुरावा नाही. त्या पायरीवर डेव्हिएशन, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळे घडल्याची औपचारिक नोंद, उघडून चाचणी पुन्हा करावी लागली. शिवाय त्याच सर्व्हरवरच्या इतर चाचण्यांच्या वेळाही संशयात आल्या आणि त्या एकेक करून तपासाव्या लागल्या.

तेव्हापासून मी सत्राच्या आरंभी आणि अखेरीस एकेक चित्र असे घेतो, ज्यात माझ्या संगणकाचे घड्याळ आणि सर्व्हरची वेळ एकत्र दिसतात. सर्व्हर लिनक्सवर असेल आणि त्यावर जाण्याची परवानगी असेल, तर एवढीच आज्ञा पुरते :

```
date -u
```

परवानगी नसेल, तर प्रणालीच्या प्रशासकाला शेजारी बसवून त्याच्या पडद्यावरची वेळ टिपावी आणि चाचणीपत्रावर त्याचीही सही घ्यावी. दोन घड्याळांतला फरक सेकंदांत मोजून चाचणीपत्रावर लिहावा, आणि पडदा स्थानिक वेळ दाखवतो की यूटीसी, लॉग कोणती वेळ लिहितो, हेही त्याच ओळीत नोंदवावे. फरक काही सेकंदांचा असेल, तर चाचणी पुढे न्यावी. तो मिनिटांत गेला, तर चाचणी थांबवून घड्याळ दुरुस्त करून घ्यावे, कारण घड्याळ चुकीचे असणे हा नियंत्रित प्रणालीतला स्वतंत्र दोष आहे आणि त्याचीही नोंद व्हायला हवी. चाचणी सुरू असताना घड्याळ कधीही हलवू देऊ नये. तसे झाल्यास एकाच सत्रातल्या नोंदींचा क्रमच विश्वासार्ह राहत नाही.

सुरुवातीला एकदा घड्याळ पाहिले की पुरे, असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकू नका. आभासी यंत्रावर चालणारा सर्व्हर मध्येच काही काळ गोठवून पुन्हा सुरू केला, तर त्याचे घड्याळ मागे राहू शकते, आणि शेवटचे चित्र नसेल तर हे कधीच कळत नाही.

४. पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या

चित्रात वापरकर्तानाव, सर्व्हरचा पत्ता, नमुना क्रमांक आणि संगणकाचे घड्याळ दिसले पाहिजे. फाइलच्या गुणधर्मांतल्या तारखेवर विसंबू नये, कारण फाइल इकडून तिकडे हलवताना ती तारीख बदलू शकते. चित्र कापू नये, उजळवू नये. लाल चौकट काढायचीच असेल, तर ती प्रतीवर काढावी आणि मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी. नाव देताना चाचणी, पायरी आणि पुराव्याचा क्रमांक एवढेच असू द्यावे :

```
OQ-014_S07_E01.png
```

५. लॉग निर्यात करा आणि उघडू नका

ऑडिट ट्रेलची केवळ हवी ती एक ओळ काढणे ही फार पसरलेली चूक आहे. एकटी ओळ पाहिली की आजूबाजूला काय होते आणि ते का वगळले, असा प्रश्न येणारच. म्हणून सत्राच्या पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचा सगळा भाग निर्यात करावा आणि निर्यातीच्या वेळी लावलेल्या गाळणीचा पडदाही सोबत ठेवावा. आपल्या उदाहरणात कारण रिकामे ठेवून केलेला प्रयत्न जतन झालेला नसावा. ऑडिट ट्रेलमध्ये त्या क्षणी मूल्यबदलाची ओळ नाही, हे पूर्ण निर्यातीतूनच दिसते.

निर्यात केलेली फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून जतन करू नका. स्प्रेडशीट तारखांची मांडणी बदलते, आणि नमुना क्रमांक 00417 असेल तर तो 417 करून टाकते. फाइल निर्यात झाल्याबरोबर तिचा हॅश, म्हणजे फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी बदलणारा तिचा ठसा, काढावा. विंडोजवर :

```
Get-FileHash -Algorithm SHA256 .\OQ-014_S07_E04.csv
```

लिनक्सवर :

```
sha256sum OQ-014_S07_E04.csv
```

मिळालेला हॅश फाइलशेजारी दुसऱ्या फाइलमध्ये ठेवून काहीच साधत नाही, कारण जो फाइल बदलू शकतो तो हॅशही नव्याने काढू शकतो. हॅश चाचणीपत्रात, सहीच्या वर नोंदवावा. वाचायची असेल तर फाइलची प्रत उघडावी.

६. सही त्या क्षणी करा

दिवसभराच्या चाळीस पायऱ्यांवर संध्याकाळी एकाच वेळी सह्या करणे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे, आणि ते पकडले जाण्यास वेळ लागत नाही, कारण लॉगमध्ये प्रत्येक कृतीची वेळ असतेच. पायरी संपली की प्रत्यक्ष निकाल लिहावा आणि लगेच सही करावी. ‘अपेक्षेप्रमाणे’ हा प्रत्यक्ष निकाल नव्हे. ‘जुने ९८.२, नवे ९८.७, कारण “गणनेतील चूक”, पुरावा ई०४, ओळ १८’ हा प्रत्यक्ष निकाल आहे.

सही इलेक्ट्रॉनिक असेल, तर भाग ११ नुसार तिच्यासोबत सही करणाऱ्याचे छापील नाव, दिनांक व वेळ आणि सहीचा अर्थ दिसावा लागतो. चाचणी केली, पुनरावलोकन केले की मान्यता दिली, हे सहीतूनच कळले पाहिजे. पुनरावलोकन करणारी व्यक्ती चाचणी करणारी नसावी. कागदावर लिहिताना चूक झाली, तर एका रेघेने खोडावे, जेणेकरून मूळ शब्द वाचता येईल, आणि बाजूला कारण, आद्याक्षरे व दिनांक लिहावा. पांढरी शाई वापरलेले पान मी स्वतः स्वीकारत नाही.

७. फसलेली पायरी फसलेलीच ठेवा

पहिल्या वेळी पायरी अनुत्तीर्ण झाली, दुसऱ्या वेळी जमली, आणि पहिल्या वेळेची चित्रे पुसून टाकली, असे कधीही करू नका. ऑडिट ट्रेलमध्ये पहिला प्रयत्न राहिलेलाच असतो. तो चाचणीपत्रात नसेल, तर आणखी काय काय पुसले असेल, हा प्रश्न सगळ्या चाचणीला चिकटतो. अनुत्तीर्ण निकाल लिहावा, डेव्हिएशनचा क्रमांक द्यावा, कारण शोधावे, आणि पुनर्चाचणी नव्या पानावर, नव्या पुरावा क्रमांकांनी करावी.

८. बाहेरच्या माणसाकडून माग काढून घ्या

पुराव्यांचा संच बंद करण्यापूर्वी तो चाचणीत नसलेल्या सहकाऱ्याच्या हाती द्यावा आणि त्याला एकच आवश्यकता सांगावी : ‘निकाल बदलल्यास प्रणालीने कारणासह नोंद ठेवावी.’ तिथून चाचणीपत्र, त्यातली पायरी ७, ई०४ ची ओळ १८, तिची वेळ, घड्याळांतला फरक आणि हॅश, असा प्रवास त्याने तुम्हाला काहीही न विचारता करायचा आहे. जिथे तो मान वर करून प्रश्न विचारेल, तिथे दिनांक व सहीसह स्पष्टीकरणाची नोंद जोडावी. तो प्रश्न स्पष्टीकरणाने सुटत नसेल, तर डेव्हिएशन उघडून ती पायरी पुन्हा करावी.