‘मी भाकरी खाल्ले’ : तक्त्यातून येणाऱ्या चुका टाळा

भुसावळला आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये रेल्वेत नोकरीला लागलेली बिहारची एक मुलगी राहते. मराठी शिकायची म्हणून तिने ‘जाणे’च्या भूतकाळाचा तक्ता पाठ केला. मी गेलो, मी गेले, तू गेलास, तू गेलीस... एकूण 12 घरं. त्यात ‘गेली’ दोनदा, ‘गेले’ दोनदा. पाठ म्हणताना तिची गाडी दर वेळी तिथेच रुळावरून घसरायची.

खरी चूक मात्र पुढे झाली. ‘मी गेले’ पक्कं बसल्यामुळे ‘मी’ म्हटलं की ‘-ले’ लावायचं, असं तिने धरलं. मग ‘मी भाकरी खाल्ले’, ‘मी चहा घेतले’. गंमत अशी, की ‘मी भरीत खाल्ले’ बरोबर ठरायचं, कारण भरीत नपुंसकलिंगी, आणि बोलण्यातलं ‘खाल्लं’ लिहिताना ‘खाल्ले’ होतं. त्यामुळे चूक बरेच दिवस कुणाच्या लक्षातच आली नाही. (शिवाय वांग्याच्या भरताच्या ताटावर व्याकरण कोण काढतं!)

खाणे, घेणे, करणे यांच्या भूतकाळात क्रियापद खाणाऱ्याकडे बघत नाही, खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. हिंदीतही तसंच आहे: ‘मैंने रोटी खाई’. पण तिथे ‘ने’ आधीच इशारा देतो. मराठीत ‘त्याने’, ‘तिने’ला तो इशारा आहे, ‘मी’ला नाही. तक्त्यात तर भाकरीला घरच नसतं.

म्हणून मी तिला तक्ता बाजूला ठेवायला लावला. रोज रात्री, त्या दिवशी खरोखर घडलेली चारच वाक्यं मोठ्याने बोलायची:

मी चहा घेतला.
मी कळण्याची भाकरी खाल्ली.
मी केळं खाल्लं.
मी घरी फोन केला.

दुसऱ्या दिवशी वाक्य तेच, वस्तू तेवढी बदलायची. केळ्यापाशी ती पहिल्यांदा अडली, कारण हिंदीतलं केळं पुल्लिंगी. हे एकदा जिभेने चुकावंच लागतं. चूक तपासायची असेल तर भरताच्या जागी भाकरी ठेवा. क्रियापद हललं नाही, तर समजा की ते अजून ‘मी’लाच चिकटलंय.

आठवड्याने एक दिवस ती म्हणाली, “काकू, मी किल्ली विसरली.” आता उलटं झालं होतं! विसरणे, शिकणे, बोलणे ही क्रियापदं करणाऱ्याकडेच बघतात: ‘मी किल्ली विसरले’, ‘मी मराठी शिकले’. याचीही यादी दिली नाही. किल्ली ती वरचेवर विसरते, तेव्हा हे वाक्य आपसूक घोटलं गेलं.

बाजारात ऐकलेलं ‘काय करी राहिना’ मात्र ती अजून वहीत शोधते. ते अहिराणी आहे. त्याची वाक्यं तिने भाजीवालीकडूनच घ्यावीत.