एनपीव्हीचं उत्तर पटतंय का? पेपरातच तपासायची एक रीत

समजा प्रश्न असा आहे. आज ५०,००० गुंतवायचे. पुढची पाच वर्षं, दर वर्षाच्या शेवटी, १२,०००, १५,०००, १८,०००, १४,००० आणि ६,००० हातात येणार. पाचव्या वर्षाच्या शेवटी सॅल्व्हेज व्हॅल्यू ५,०००. डिस्काउंट रेट १० टक्के. टेबलातले फॅक्टर घेऊन गणित केलं की एनपीव्ही ३,२०९ येते. पण शेजारच्याची ८,५३० आली आणि मागच्याची ६२८. तिन्ही आकडे धन आहेत आणि तिन्ही दिसायला ठीकच आहेत. नुसतं बघून चूक कुठली हे सांगता येत नाही.

याचं कारण एनपीव्हीच्या रचनेतच आहे. ती दोन मोठ्या आकड्यांमधली छोटी वजाबाकी असते. इथे येणाऱ्या पैशांचं आजचं मूल्य सुमारे ५३,००० आणि गुंतवणूक ५०,०००. वरच्या आकड्यात दोन टक्के इकडेतिकडे झाले तर एनपीव्ही एक हजारानं हलते, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. म्हणून अंदाज एनपीव्हीचा बांधायचा नाही. गुंतवणूक वजा करण्याआधीची जी बेरीज असते, म्हणजे आजचं एकूण मूल्य, तिचा बांधायचा आणि तुलनाही तिच्याशीच करायची.

त्यासाठी अॅन्युइटी फॅक्टर तोंडी काढता यायला हवा. वर्षाअखेरीस येणाऱ्या पाच समान रकमांचं सरासरी वर्ष तिसरं: एक ते पाच यांची सरासरी तीन. तीन वर्षांचं साधं व्याज १० टक्क्यांनी ०.३० होतं. म्हणून ५ ला १.३० ने भागायचं, येतात ३.८५. टेबलात ३.७९१ आहे, म्हणजे दीड टक्का जास्त. ही पद्धत एकाहून अधिक वर्षांसाठी नेहमी थोडं जास्तच दाखवते, कारण चक्रवाढीऐवजी साधं व्याज धरलंय. हे माहीत असल्यामुळे उत्तर जरा खाली ओढून ३.८ धरायला हरकत नाही. इथे हमखास होणारी गफलत म्हणजे सरासरी वर्ष अडीच धरणं, पाचाचे निम्मे म्हणून. पहिली रक्कम वर्ष संपल्यावर येते, सुरुवातीला नाही; त्यामुळे वर्षांच्या संख्येत एक मिळवून मग निम्मे करायचे. अडीच धरले तर फॅक्टर ४ येतो आणि अंदाजच साडेपाच टक्क्यांनी फुगतो.

आता वरचं उदाहरण. सॅल्व्हेज बाजूला ठेवा. उरलेल्या पाच रकमांची बेरीज ६५,०००, सरासरी १३,०००. त्याला ३.८ ने गुणलं की ४९,४००. सॅल्व्हेज एकटी पाचव्या वर्षी येते, तिचा फॅक्टर ०.६२, म्हणजे ३,१००. एकूण ५२,५००.

रकमा समान नाहीत, त्यामुळे एक दुरुस्ती लागते. पैसा पाच वर्षांत सारखा पसरला असता तर सरासरी वर्ष ३ असतं. इथे शेवटचं वर्ष हलकं आहे, म्हणून पैसा जरा लवकर येतोय. किती लवकर? प्रत्येक रकमेला तिच्या वर्षानं गुणून बेरीज करा: १२, ३०, ५४, ५६, ३०, मिळून १८२. भागिले ६५, म्हणजे २.८. पैसा ०.२ वर्ष लवकर येतो, वर्षाला १० टक्के, म्हणजे मूल्य साधारण दोन टक्के जास्त. ४९,४०० वर हे ९०० ते १,००० होतात. अंदाज ५३,४०० च्या आसपास. टेबलानं काढलेली खरी बेरीज ५३,२०९. एवढं जवळ नेहमी येईलच असं नाही, पण दोन टक्क्यांच्या आत यायला हवं.

मग शेजारच्याचं ८,५३० कुठून आलं? त्याचं एकूण मूल्य ५८,५३०. त्याला अंदाजानं भागलं की जवळपास १.१०. हे गुणोत्तर दिसलं की फार शोधाशोध करू नका: सगळी गणना एका वर्षानं सरकली आहे. पहिल्या वर्षाच्या रकमेला फॅक्टर १ लावला, दुसऱ्याला पहिल्या वर्षाचा, असं पुढे. उलट्या दिशेनं सरकलं तर गुणोत्तर ०.९१ येतं, इथे मूल्य ४८,४०० होऊन एनपीव्ही ऋण होते आणि निर्णयच फिरतो. तिसऱ्या वर्षापासून सुरू होणाऱ्या अॅन्युइटीत ही चूक फार वेळा दिसते. अॅन्युइटी फॅक्टर मूल्य पहिल्या रकमेच्या एक वर्ष आधी आणून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. तिथून पुढे दोनच वर्षं मागे यायचं, तीन नाही.

मागच्याचं ६२८ वेगळ्या जातीचं आहे. त्याचं मूल्य ५०,६२८, अंदाजापेक्षा पाच टक्के कमी. वर्ष सरकलं असतं तर नऊ टक्के कमी दिसलं असतं. दरात दोन टक्क्यांचा फरक गुणिले सरासरी तीन वर्षं, म्हणजे ढोबळ पाच-सहा टक्के. त्यानं टेबलात १० ऐवजी १२ चा रकाना वाचला. छापील टेबलात नजर शेजारच्या रकान्यावर घसरणं ही आळशीपणाची नाही, घाईची चूक आहे, आणि ती एनपीव्हीकडे बघून कधीच सापडत नाही.

फरक टक्केवारीत बसला नाही तर रकमेत पाहा. ३,२०९ ऐवजी ५,१०४ आले असतील तर फरक १,८९५, आणि तो बरोबर सॅल्व्हेजला डिस्काउंट न केल्याचा आहे. एखादं वर्ष गाळलं गेलं तर फरक त्या वर्षाच्या आजच्या मूल्याएवढा असतो.

हे भागाकाराचं सूत्र लांब मुदतीला कच्चं पडतं. वर्षं गुणिले दर एकाच्या आसपास गेले, उदाहरणार्थ १० वर्षं आणि १० टक्के, की पाच टक्के चूक येते. १५ वर्षं आणि १२ टक्क्यांना बारा टक्क्यांपर्यंत. तिथे दुसरी वाट धरावी. ७२ ला दरानं भागलं की पैसा दुप्पट व्हायची वर्षं मिळतात. १२ टक्क्यांना सहा वर्षं, म्हणून बारा वर्षांनंतरच्या एका रुपयाचं आजचं मूल्य पाव. कायमच्या अॅन्युइटीचा फॅक्टर १ भागिले ०.१२, म्हणजे ८.३३. त्यातून पाव काढून टाकला की ६.२५. टेबलात ६.१९४.

एक गोष्ट मात्र या तपासणीतून सुटते. कॅश फ्लोच चुकला असेल, म्हणजे घसारा परत मिळवायचा राहिला किंवा वर्किंग कॅपिटल शेवटी मोकळं करायचं विसरलं, तर अंदाज आणि उत्तर दोन्ही त्याच चुकीच्या आकड्यांवर उभे असतात आणि छान जुळतात. त्यासाठी प्रश्नाची माहिती ओळीनं पुन्हा वाचण्याला पर्याय नाही.

अंदाज गणित सुरू करण्याआधीच, समासात पेन्सिलीनं लिहून ठेवावा. उत्तर आल्यावर काढायला बसलं की हात नकळत त्या उत्तराच्या दिशेनं गोलाकार करत जातो, ३.८ चे ३.९ होतात आणि चुकीचं ५८,५३० सुद्धा पटायला लागतं.