यील्ड काढताना या चुका टाळा: ॲसिटानिलाइडचा हिशेब

जर्नलमध्ये 'मानवी चुकांमुळे यील्ड कमी आले' हे वाक्य दिसलं की मी ते खोडते. माल नेमका कुठे गेला हे त्यातून कळतच नाही.

आधी आकडेमोड. 5 मिली ॲनिलिन म्हणजे 5.1 ग्रॅम, म्हणजेच 0.055 मोल. 6 मिली ॲसेटिक अनहायड्राइड 0.063 मोल भरतं, म्हणून लिमिटिंग रिएजंट ॲनिलिनच. यातून जास्तीत जास्त 7.4 ग्रॅम ॲसिटानिलाइड मिळू शकतं. पुष्कळजण मोल न काढता थेट ग्रॅमला ग्रॅमने भागतात, तिथेच सगळं बिघडतं.

यील्ड 109 टक्के आलं तर अभिक्रिया उत्तम झाली असं समजू नका, स्फटिक ओले आहेत. रात्रभर वाळवा, सलग दोन वजनं सारखी येईपर्यंत. घाईत घेतलेलं वजन मी स्वीकारत नाही.

आता पुनर्स्फटिकीकरण. आमच्या एका विद्यार्थ्याकडे 6.2 ग्रॅम वाळलेलं क्रूड होतं. उकळत्या पाण्यात दर 100 मिलीला साधारण 5.5 ग्रॅम ॲसिटानिलाइड विरघळतं, म्हणजे 115 ते 120 मिली पुरेसं होतं. पण तळाशी काळे कण दिसत राहिले आणि ते विरघळावेत म्हणून तो पाणी ओतत गेला, थेट 300 मिलीपर्यंत. कण विरघळणारे नव्हतेच, ते गरम असतानाच गाळून काढायचे होते. थंड झाल्यावर हाती आले 4.3 ग्रॅम.

25 अंशांना 100 मिली पाण्यात साधारण 0.54 ग्रॅम विरघळलेलंच राहतं. म्हणजे 300 मिलीत 1.6 ग्रॅम मदर लिकरमध्येच राहिले. एकूण तूट 1.9 ग्रॅम; उरलेले 0.3 ग्रॅम फिल्टर पेपर, बीकर आणि धुण्याच्या पाण्यात. 120 मिली वापरलं असतं तर मदर लिकरमध्ये 0.65 ग्रॅमच राहिले असते. चर्चेत हाच हिशेब हवा.

तळाशी तेलकट थेंब दिसले तर ते मात्र वेगळं प्रकरण. ते वितळलेलं ॲसिटानिलाइड असतं, तिथे उकळतं पाणी थोडं-थोडं घालून ढवळावंच लागतं. थेंब की कण, हे बघितल्याशिवाय पाण्याला हात लावू नका.

दोन टक्केवाऱ्या वेगळ्या लिहा. 4.3 भागिले 6.2, म्हणजे 69 टक्के, ही पुनर्स्फटिकीकरणातली रिकव्हरी. 4.3 भागिले 7.4, म्हणजे 58 टक्के, हे एकूण यील्ड. 58.11 लिहू नका, मोजमाप तेवढं अचूक नव्हतं.

मदर लिकर बेसिनमध्ये ओतायची घाई करू नका. ते आटवून थंड केलं की आणखी स्फटिक मिळतात, पण ते पहिल्यात मिसळू नका. त्यांचा मेल्टिंग पॉइंट वेगळा घ्या. शुद्ध माल 114 अंशांच्या आसपास वितळतो. हे दुसऱ्या खेपेचे स्फटिक 110 ला वितळायला लागले, तर त्यांचं वजन यील्डमध्ये धरू नका, वेगळं नोंदवा.